भांडण मिटले, खटला मिटेल का?

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या द्राक्षपट्ट्यातल्या गावात घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. माणसे कल्पित आहेत, पण असे प्रसंग तालुक्याच्या कोर्टात रोज उभे राहतात. दोन सख्ख्या भावांची शेजारी-शेजारी वाटणीची जमीन. धाकट्याच्या ट्रॅक्टरने नांगरताना बांध हातभर कोरला गेला. थोरला जाब विचारायला गेला, शब्दाने शब्द वाढला. धाकट्याच्या हातात विळा होता. तो थोरल्याच्या मुलाच्या दंडाला लागला आणि पाच टाके पडले. झटापटीत धाकट्याच्या मुलाने थोरल्याला जोरात ढकलून लाथ मारली. थोरला दगडावर पडला आणि त्याचे मनगट मोडले. शिवीगाळ झाली, 'परत शेतात दिसलास तर तोडून टाकीन' अशी धमकीही झाली. थोरल्याने त्याच रात्री ठाण्यात फिर्याद दिली.

आठ महिन्यांनी घरात लग्न निघाले. आत्या मध्ये पडली, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बसले, बांध पुन्हा मोजून दगड रोवले गेले. औषधोपचाराचा खर्च धाकट्याने द्यायचा ठरला. पाचशेच्या मुद्रांकावर समझोता लिहिला, नोटरी झाली, सगळ्यांनी सह्या केल्या. आता थोरला ठाण्यात जाऊन 'माझी तक्रार नाही' असे सांगेल आणि प्रकरण बंद होईल, असे दोन्ही घरांना वाटते.

प्रकरण तसे बंद होत नाही. दखलपात्र गुन्हा नोंदला गेला की तो खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. फिर्यादी त्यात साक्षीदार असतो, मालक नसतो. दोघांचे मिटले एवढ्या कारणावरून पोलिसांनाही फाइल बंद करता येत नाही. फिर्याद मुद्दाम खोटी असेल तर 'बी समरी' पाठवता येते, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झाली असेल तर 'सी समरी' पाठवता येते. पण इथे मारहाण खरीच झाली होती, दवाखान्याचे कागद आहेत. म्हणजे दोषारोपपत्र कोर्टात जाणार, आणि खटला संपवायचा तर तो कोर्टातच संपवावा लागणार. तो कोणत्या कोर्टात संपेल, हे समझोत्याच्या कागदावर ठरत नाही. फिर्यादीत कोणती कलमे लागली आहेत, त्यावर ते ठरते.

या प्रसंगात १ जुलै २०२४ नंतरच्या कायद्याप्रमाणे भारतीय न्याय संहितेची पाच कलमे लागतील असे धरू. साध्या दुखापतीचे ११५(२), चिथावणी देणाऱ्या अपमानाचे ३५२, धमकीचे ३५१(२), मनगट मोडले म्हणून गंभीर दुखापतीचे ११७(२), आणि विळ्याने जखम झाली म्हणून धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचे ११८(१).

कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात याची यादी कायद्यातच दिली आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० कलमात होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ कलमात आहे. यादीचे दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे पीडित व्यक्ती स्वतःच मिटवू शकते, न्यायालयाची परवानगी लागत नाही. साधी दुखापत, वाट अडवणे, दुसऱ्याच्या जागेत शिरणे, खासगी मालमत्तेचे किरकोळ नुकसान, अब्रुनुकसानी, धमकी हे त्यात येतात. दुसऱ्या तक्त्यातले गुन्हे मिटवायला खटला ज्या न्यायालयासमोर आहे त्याची परवानगी लागते. गंभीर दुखापत, मालमत्तेच्या व्यवहारातली फसवणूक, ठेव म्हणून सोपवलेल्या मालाचा विश्वासघात, पहिली बायको किंवा नवरा हयात असताना केलेले दुसरे लग्न ही त्यातली नेहमीची नावे. जे या दोन्ही तक्त्यांत नाही ते मिटवता येत नाही. कलमाच्या शेवटच्या पोटकलमात हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, आणि तालुक्याच्या न्यायाधीशाला त्यात सूट देण्याचा अधिकार नाही.

तक्त्यांत प्रत्येक गुन्ह्यासमोर तो कोणी मिटवायचा हेही लिहिलेले आहे. दुखापत असेल तर ज्याला दुखापत झाली तो, नुकसान असेल तर ज्याचे नुकसान झाले तो, चोरी असेल तर मालाचा मालक. नेमके इथे लोक चुकतात. फिर्याद थोरल्याने दिली म्हणून त्याची एकट्याची सही पुरेशी वाटते. पण दंडाला टाके पडले आहेत ते त्याच्या मुलाला. त्या दुखापतीपुरता निर्णय मुलाचाच आहे. त्याची सही, त्याची हजेरी आणि त्याचे मन तिन्ही लागतील. मुलगा अठरा वर्षांखालचा असता तर पालकाला त्याच्या वतीने मिटवता आले असते, पण तेही न्यायालयाच्या परवानगीने. जखमी माणूस मधल्या काळात वारला असेल तर त्याचे कायदेशीर वारस पुढे येतात, आणि तिथेही परवानगी लागतेच.

आता या पाच कलमांचे काय होते ते पाहू. ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही पहिल्या तक्त्यातली आहेत, त्यामुळे संबंधित माणसे ती स्वतः मिटवू शकतात. ११७(२), म्हणजे मोडलेले मनगट, दुसऱ्या तक्त्यात आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी परवानगी दिली की तेही मिटते. राहते ११८(१). विळ्याची जखम, पाच टाके, दवाखान्याच्या दाखल्यावर 'साधी दुखापत'. ही मात्र दोन्ही तक्त्यांत नाही.

हे चमत्कारिक वाटते आणि ते आहेही. हाड मोडणाऱ्या लाथेला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी ती तालुक्याच्या कोर्टात मिटते. विळ्याच्या टाक्यांना तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, तरी त्या मिटत नाहीत. जुन्या कायद्यात हत्याराने केलेली साधी दुखापत, म्हणजे भारतीय दंड संहितेचे ३२४ कलम, न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येत असे. २००५ च्या दुरुस्ती कायद्याने ते तक्त्यातून काढले. नवा कायदा करताना ते परत घेण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही. हत्यार उचलणे ही केवळ दोघांतली बाब नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण ग्रामीण महाराष्ट्रात शेतावरच्या भांडणात हातात विळा, खुरपे, कुऱ्हाड, कोयता असतोच, कारण ती त्या माणसाची रोजची अवजारे आहेत. जखम किती आणि हेतू काय हे पाहून परवानगी द्यायची की नाही, हे खालच्या न्यायालयावर सोपवता आले असते. ते न केल्यामुळे अशी हजारो घरे एका कलमासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढतात.

त्याआधी एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी असते. ११८(१) खरोखर लागते का? फिर्याद लिहिताना ठाण्यात कलमे थोड्या सढळ हाताने लावली जातात. या कलमाला भोसकण्याचे, कापण्याचे किंवा गोळी झाडण्याचे साधन लागते, किंवा हत्यार म्हणून वापरल्यास ज्याने मरण येण्याचा संभव आहे असे साधन लागते. विळ्याबद्दल वाद नाही, तो कापतोच. पण त्याच फिर्यादीत बांबूची काठी किंवा चप्पल असती, दाखल्यावर बोथट वस्तूने झालेले खरचटणे असते, तर आरोप निश्चित होताना वकिलाला हे कलम गळावे म्हणून युक्तिवाद करता येतो. ते गळाले की उरलेली कलमे तिथल्या तिथे मिटू शकतात. म्हणून अशा प्रकरणात अनुभवी वकील आधी समझोत्याचा नव्हे, दुखापतीच्या दाखल्याचा कागद मागतो.

मिटणारी कलमे तालुक्यात कशी मिटतात, ते फारसे अवघड नाही. दोन्ही बाजू मिळून न्यायालयात तडजोडीची पुरसीस देतात. त्यात खटला क्रमांक, कोणकोणती कलमे मिटवायची ती, आणि स्वेच्छेने मिटवत असल्याचे लिहिलेले असते. न्यायाधीश जखमींना समोर बोलावून विचारतात, दाब आहे का, पैसे मिळाले का, पुढे काही म्हणणे आहे का. खात्री पटली की नोंद होते आणि त्या कलमांपुरती आरोपीची निर्दोष मुक्तता होते. कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच मानला आहे, त्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. हेच काम राष्ट्रीय लोकअदालतीतही होते. मात्र लोकअदालतीला न मिटणाऱ्या गुन्ह्यांवर अधिकारच नाही. एका फिर्यादीत चार कलमे मिटणारी आणि एक न मिटणारे असेल, तर त्या एकामुळे खटला जागच्या जागी राहतो. आरोपी पूर्वी शिक्षा झालेला असेल आणि त्यामुळे त्याला वाढीव शिक्षा होऊ शकत असेल, तर तक्त्यातला गुन्हाही मिटत नाही. आणि शिक्षा होऊन अपील चालू असेल तर अपील न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, गुन्हा पहिल्या तक्त्यातला असला तरी.

न मिटणाऱ्या कलमासाठी दुसरा रस्ता आहे तो रद्दबातल करण्याचा. वकिलांच्या भाषेत 'क्वॅश'. उच्च न्यायालयाला न्यायाच्या हितासाठी आणि न्यायप्रक्रियेचा गैरवापर टाळण्यासाठी मूळचेच अधिकार आहेत. पूर्वी ते ४८२ कलमात नोंदलेले होते, आता ५२८ मध्ये आहेत. त्यांचा वापर करून उच्च न्यायालय फिर्याद किंवा खटलाच रद्द करू शकते. जिल्हा व सत्र न्यायाधीशांनाही हा अधिकार नाही.

पण जे मिटवायला कायद्यानेच मना केले आहे, ते उच्च न्यायालयाने मागच्या दाराने मिटवणे योग्य का, यावर बरीच वर्षे वाद होता. २००३ मध्ये बी. एस. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा ठाम उत्तर दिले. सासरच्या छळाची फिर्याद देणाऱ्या पत्नीने स्वतः प्रतिज्ञापत्र देऊन वाद मिटल्याचे सांगितले होते, तरी हे कलम मिटणारे नाही म्हणून उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानेही २००८ मध्ये हाच मार्ग मान्य केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाला शंका आली आणि प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे गेला. २४ सप्टेंबर २०१२ रोजी ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात त्याचे उत्तर मिळाले. गुन्हा आपसात मिटवणे आणि उच्च न्यायालयाने खटला रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पक्षकारांच्या हातात आहे आणि तक्त्याने बांधलेली आहे. दुसरी न्यायालयाच्या हातात आहे, तक्त्याने बांधलेली नाही, पण समाजावर त्या गुन्ह्याचा काय परिणाम होतो याने बांधलेली आहे. व्यवहारातले, कौटुंबिक, भागीदारीचे, ज्यांचा मूळ स्वभाव दिवाणी आहे असे वाद मिटले असतील आणि शिक्षा होण्याची शक्यता धूसर झाली असेल, तर खटला ओढत नेण्यात अर्थ नाही. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मात्र पीडित आणि आरोपी यांच्यात समेट झाला तरी रद्द होणार नाहीत, कारण त्यांचा घाव त्या दोघांपुरता नसतो.

या दोन टोकांमध्ये मोठा प्रदेश आहे, आणि तिथेच बांधावरची भांडणे येतात. कधी ११८(१), कधी पोलीस खुनाच्या प्रयत्नाचे कलमही लावतात. २०१४ मध्ये नरिंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फिर्यादीवर ३०७ लिहिले आहे एवढ्यावर थांबू नये. जखम शरीराच्या नाजूक भागावर आहे का, हत्यार कोणते, दवाखान्याचे कागद काय म्हणतात, हे पाहून खरोखर जीव घेण्याचा प्रयत्न होता की कलम वरचे लावले गेले ते ठरवावे. २०१९ मध्ये मध्य प्रदेश विरुद्ध लक्ष्मी नारायण या निकालात तीन न्यायमूर्तींनी त्याला दुसरी बाजू जोडली. तिथे उच्च न्यायालयाने समेटावर बोट ठेवून फिर्याद रद्द केली होती. गुन्ह्याचे गांभीर्य आणि आरोपींची पूर्वीची गुन्हेगारी नोंद पाहिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

वेळेलाही वजन आहे. तपास चालू असताना किंवा आरोप ठेवले गेले पण साक्षी सुरू झाल्या नाहीत अशा टप्प्यावर समेट आला, तर न्यायालय उदार असते. साक्षीपुरावा संपत आला असेल, तर साहजिकच ते मागे सरते, कारण शिक्षा दिसू लागल्यावर झालेल्या समेटात पश्चात्ताप किती आणि भीती किती हे कळणे कठीण. शिक्षा झाल्यानंतर नुसता समेट पुरत नाही, असेच २०१४ मध्ये म्हटले गेले होते. तरी तो दरवाजा पूर्ण बंद नाही, हे २०२१ च्या रामगोपाल खटल्याने दाखवले.

तो खटला आपल्या कल्पित प्रसंगाच्या जवळचा आहे म्हणून थोडा तपशील. मध्य प्रदेशातल्या मुरैना जिल्ह्यात नोव्हेंबर २००० मध्ये पैशाच्या वादातून रात्री भांडण झाले. फरशी कुऱ्हाडीच्या घावाने एकाच्या डाव्या हाताची करंगळी तुटली, लाठ्याही बसल्या. घातक हत्याराने गंभीर दुखापतीचे कलम लागले, जे तक्त्यात नाही, आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. अपिले चालू असताना दोन्ही बाजूंनी समेट केला. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा घटनेला दोन दशके झाली होती. न्यायालयाने पाहिले की घाव नाजूक भागावर नव्हता, घटना पूर्वनियोजित नव्हती, मधल्या काळात दोन्ही घरे त्याच गावात शांततेने राहत होती आणि समेट दाबाखाली झालेला नव्हता. शिक्षा रद्द झाली. उच्च न्यायालयालाही शिक्षेनंतर असा अधिकार वापरता येईल, फक्त तो विरळा आणि विचारपूर्वक वापरावा, असे न्यायालयाने नमूद केले.

सांगलीच्या दोन भावांना उच्च न्यायालयात जाण्यासाठी आता मुंबईचा प्रवास करावा लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. अर्ज धाकटा आणि त्याचा मुलगा करतात, कारण आरोपी ते आहेत. थोरला आणि टाके पडलेला मुलगा प्रतिवादी होतात आणि संमतीचे प्रतिज्ञापत्र देतात. त्यात काय घडले, काय मिटले आणि आता तक्रार का नाही, हे त्यांच्या शब्दांत असावे. सगळ्यांसाठी एकच मसुदा छापून आणला असेल तर न्यायालयाच्या नजरेत ते येते. फिर्यादीची प्रत, दोषारोपपत्र, दोन्ही जखमींचे दाखले, बांध मोजल्याचा कागद आणि ओळखपत्रे जोडली जातात. सरकारी वकील ठाण्याकडून माहिती मागवतात, आरोपींवर आणखी गुन्हे आहेत का आणि जखमा किती हे न्यायालयाला सांगतात. मग जखमींना प्रत्यक्ष उभे केले जाते.

त्या दोन-चार मिनिटांच्या प्रश्नोत्तरांवर सगळे अवलंबून असते. 'सही तुमचीच का?', 'कागद वाचून सही केली का?', 'कोणी घाबरवले का?' असे प्रश्न येतात. अडखळत, वकिलाकडे बघत दिलेली उत्तरे न्यायालय लक्षात घेते. खेड्यात समेट घडवणारी माणसे अनेकदा वजनदार असतात आणि दुबळ्या बाजूला 'गावात राहायचे आहे ना' हे वाक्य पुरते. कोर्टात मोकळेपणाने विचारले जाणारे हे प्रश्न त्या माणसासाठी कायद्याने ठेवलेली शेवटची संधी आहे, आणि न्यायालयाने ती घाईत उरकू नये. खटला रद्द करताना न्यायालय अनेकदा आरोपीला काही रक्कम एखाद्या सामाजिक किंवा विधी सेवेच्या कामासाठी भरायला सांगते, कारण पोलीस आणि न्यायालय यांचा वेळ त्यांच्या भांडणात गेलेला असतो.

धाकट्यानेही त्याच रात्री थोरल्याविरुद्ध उलट फिर्याद दिलेली असेल, तर तो दुसरा खटला आहे. एकीतला समेट आपोआप दुसरी संपवत नाही. दोन्हींसाठी वेगळे अर्ज, वेगळी प्रतिज्ञापत्रे लागतात. भांडणातल्या उलट फिर्यादीत घरातल्या बाईच्या नावाने विनयभंगाचे कलम टाकण्याची वाईट सवय आहे. तेही तक्त्यात नाही. रागाच्या भरात घातलेले हे कलम पुढे समेटाच्या वेळी सगळ्यांना उच्च न्यायालयात ओढत नेते, आणि खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही त्याने कमी होतो.

सासरच्या छळाचे कलम, पूर्वीचे ४९८-अ आणि आताचे ८५, यादीबाहेरच आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राला ते न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येईल असे करण्याचा विचार करा म्हणून सांगितले. संमतीने असा खटला रद्द करून घ्यायला रोज साधारण दहा अर्ज येतात, खेड्यापाड्यांतून माणसे प्रवासखर्च आणि वकिलाची फी भरून केवळ यासाठी येतात, ही न्यायालयाची नोंद होती. घटस्फोट परस्पर संमतीने ठरला, पोटगीची रक्कम ठरली, तरी फौजदारी बाजू मोकळी व्हायला पुन्हा एक अर्ज लागतो.

दुसऱ्या बाजूला काही दरवाजे बंदच राहायला हवेत, आणि न्यायालयाने ते बंद ठेवले आहेत. राजस्थानात २०२२ मध्ये एका शिक्षकाविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीच्या छेडछाडीची फिर्याद झाली. काही आठवड्यांत मुलीच्या वडिलांनी समझोता केला आणि उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. गावातल्या त्रयस्थ लोकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती फिर्याद पुन्हा जिवंत झाली. मुलांवरचे लैंगिक गुन्हे ही खासगी बाब नाही आणि वडिलांनी केलेल्या तडजोडीने त्या संपत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. तलाठ्यावर किंवा एसटीच्या वाहकावर काम करताना हात उचलला, तरी त्या कर्मचाऱ्याने माफ केले एवढ्याने भागत नाही, कारण अडवले गेले ते सरकारी काम असते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा खटलाही रद्द होऊ शकतो, असे २०२१ मध्ये जमिनीच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, पण त्यासाठी जातीचा अपमान हे वादाचे मूळ नाही आणि समेट खरोखर स्वेच्छेचा आहे, याची दुप्पट काळजी घ्यावी लागते.

कोर्टाचा हा लांबचा रस्ता टाळण्यासाठी गावागावांत एक आडवाट वापरली जाते. खटला चालू द्यायचा आणि साक्षीच्या दिवशी जखमीने 'मला कोणी मारले ते अंधारात दिसले नाही' म्हणायचे. साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष. स्वस्त वाटणारी ही वाट खोटी साक्ष देण्याची आहे, आणि तीही शिक्षापात्र आहे. तसेच न मिटणारा गंभीर गुन्हा दडवण्यासाठी पैसे घेणे किंवा देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. खटला दाबण्याच्या बदल्यात पैसे असा लिहिलेला करार दिवाणी न्यायालयातही टिकत नाही, मग तो पाचशेच्या मुद्रांकावर असो की पाच हजारांच्या. कायद्याने मिटवता येणाऱ्या गुन्ह्याच्या भरपाईला मात्र हा नियम लागत नाही.

म्हणून समझोत्यात पैसा असेल तर त्याची वेळ पक्की ठरवावी लागते. थोरल्याच्या मनगटाच्या शस्त्रक्रियेचा खर्च हप्त्याने द्यायचा असे लिहून आधीच खटला रद्द करून घेतला आणि दुसरा हप्ता आलाच नाही, तर अडचण मोठी असते, कारण फौजदारी न्यायालयाला आपला सही झालेला अंतिम आदेश सहसा बदलता येत नाही. वसुलीसाठी मग वेगळी दिवाणी दाद मागावी लागते. अनुभवी वकील त्यामुळे डिमांड ड्राफ्ट न्यायालयातच, आदेश होण्यापूर्वी, हातात द्यायला लावतात. हप्ते अटळ असतील तर रक्कम आधी न्यायालयात भरून घेतात, किंवा आरोपीकडून हमी लिहून घेऊन शेवटचा हप्ता मिळेपर्यंत अर्ज प्रलंबित ठेवायची विनंती करतात.